आजीची ओळख राखून वारली आणि जलरंग एकाच चित्रात आणताना

प्रश्न: आजीचा जात्यावर दळतानाचा एक फोटो आहे. त्यावरून मिडजर्नी या एआय चित्र-साधनात वारली आणि जलरंग अशा दोन्ही शैली मिसळलेलं चित्र करायचं आहे. शैलीचा नमुना म्हणून `--sref` ला दोन चित्रं दिली. शैलीचा जोर ठरवणारा `--sw` वाढवला की आजी हरवते, फोटोचा जोर ठरवणारा `--iw` वाढवला की नुसता फोटोच परत येतो. दोन्हींचे आकडे किती ठेवू?

उत्तर: आकडे पुढे देतेच, पण आधी तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. `--iw` आणि `--sw` हे दोन आकडे तुम्ही एकमेकांविरुद्ध लावले आहेत. प्रॉम्प्टच्या सुरुवातीला जो फोटो तुम्ही देता, त्यातून फक्त आजी जात नाही. फोटोतला उजेड, मागची भिंत, रंग, कॅमेऱ्याचा कोन, सगळंच जातं. म्हणजे फोटो हीसुद्धा एक शैलीच झाली आणि `--iw` वाढवला की तिचं वजन वाढतं. तिला दाबायला तुम्ही `--sw` वाढवता, तेव्हा फोटोपणाबरोबर आजीही दाबली जाते. या दोघांच्या मध्ये कितीही शोधलंत तरी सोयीचा आकडा सापडणार नाही, कारण विषय आणि फोटोपण दोन्ही एकाच दोरीला बांधलेले आहेत.

म्हणून पहिलं काम म्हणजे फोटो त्या जागेवरून काढा आणि `--oref` मध्ये द्या. ही सोय मिडजर्नीच्या सातव्या आवृत्तीत, व्ही ७ मध्ये आहे, आणि खालचं सगळं मी व्ही ७ धरूनच लिहिते आहे. दुसऱ्या आवृत्तीत हेच आकडे वेगळे वागतात. `--oref` ला एकच चित्र देता येतं आणि त्याचा जोर `--ow` ने ठरतो. हा आकडा १ ते १००० पर्यंत जातो, काहीच लिहिलं नाही तर १०० धरला जातो. त्यातून माणूस, त्याचा चेहरा आणि बऱ्याच प्रमाणात कपडे उचलले जातात, पण चित्राची मांडणी आणि उजेड `--iw` इतका जखडला जात नाही. शैलीला हालचालीला जागा मिळते ती इथे. एक लक्षात ठेवा, `--oref` वापरलं की जीपीयूचा वेळ दुप्पट जातो, त्यामुळे शैलीचे प्रयोग त्याच्याशिवाय उरकून घेणं बरं. खालचा क्रम मी त्याच हिशेबाने लावला आहे.

`--oref` साठी फोटो देताना तो कापून द्या. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे, पाण्याचं पिंप, कोपऱ्यात उभी असलेली सायकल असं काही असेल तर तेही चित्रात डोकं वर काढतं. आजी डोक्यापासून जात्यापर्यंत दिसेल आणि चेहरा पुरेसा मोठा राहील इतकं ठेवा. चेहरा फोटोत अगदी बारीक असेल तर पुढे कितीही `--ow` वाढवून उपयोग नाही, जे दिसतच नाही ते येणार कुठून?

दुसरी गोष्ट, तुम्हाला वाटतं की तुम्ही दोन शैली मिसळता आहात, पण प्रत्यक्षात त्या तीन किंवा चार असतात. मिडजर्नीची स्वतःची एक आवड आहे, ती `--s` मधून येते. शिवाय व्ही ७ मध्ये पर्सनलायझेशन आपोआप चालू असू शकतं. तुम्ही पूर्वी ज्या चित्रांना पसंती दिलीत त्यांचा कल गुपचूप या चित्रात मिसळतो. दोन शैलींचं प्रमाण ठरवताना हे बाकीचे भागीदार गप्प बसवा. पर्सनलायझेशन बंद करा, मिडजर्नीची स्वतःची सजावट कमी करणारं `--raw` लावा आणि `--s` ५०च्या आसपास आणा. काम जमल्यावर हवं तर `--s` पुन्हा थोडा वाढवता येतो.

आता मूळ मुद्दा. वारली आणि जलरंग या दोन शैली एकाच जातीच्या नाहीत. जलरंग म्हणजे मुख्यतः पृष्ठभागाचा प्रकार, पारदर्शक रंग, ओल्या कडा, खालचा कागद दिसणं. आजीच्या नाकाचा आकार कसा काढायचा याबद्दल जलरंगाचं काही म्हणणं नाही. वारलीचं आहे. वारलीत माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, काडीसारखे हातपाय. चेहऱ्यावर डोळे-नाक-तोंड नसतंच. मग `--sw` वाढवल्यावर आजी हरवते यात यंत्राची चूक काही नाही. ते वारली नीट पाळतं आहे आणि वारलीत कोणाचाच चेहरा नसतो. त्यात भर म्हणजे गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ हा इतका ठळक प्रकार आहे की त्याच्यापुढे जलरंगासारखी मऊ शैली मागे पडते. दोन्हींना सारखं वजन दिलं तरी निकाल सारखा येत नाही.

त्यामुळे आकड्यांआधी एक निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल की कोणती शैली चित्राच्या कोणत्या भागावर राज्य करणार. माझ्या मते इथे चेहरा, हात आणि उजेड जलरंगाकडे द्यावेत. वारलीकडून गेरूची जमीन, पांढरी रेघ, ठिपक्यांची आणि तिरक्या रेघांची भरण, लुगड्याच्या काठावरची नक्षी एवढं घ्यावं. तुम्हाला आजीचा देहसुद्धा त्रिकोणातच हवा असेल तर तेही चांगलं चित्र होईल, पण मग ओळख चेहऱ्यातून मिळणार नाही. ती बसण्याच्या ढबीतून, पदरातून, जात्याच्या खुंट्यावरच्या हातातून आणावी लागेल, आणि `--oref` चा त्यात फारसा उपयोग नाही. पुढचं सगळं मी पहिला निर्णय धरून सांगते.

सुरुवात ओळखखुणा लिहून काढण्यापासून करा. फोटो समोर ठेवा आणि ज्या तीन गोष्टींमुळे ही आजी तुमची आजी वाटते त्या कागदावर लिहा. समजा, रुंद कपाळावरचं मोठं गोल कुंकू, डोक्यावरून घेतलेला पदर आणि हसताना एका बाजूला जास्त वर जाणारा ओठ. प्रत्येक निकाल या तीन खुणांवरच तपासायचा. असं केलं नाही तर चार-पाच फेऱ्यांनंतर डोळा सरावतो आणि कोणतीही म्हातारी बाई आजीसारखी वाटायला लागते.

मग शैलीशिवाय फक्त विषय काढून बघा, मजकूर आणि `--oref`, `--ow 100`. तिन्ही खुणा इथेच येत नसतील तर दोष शैलीचा नाही, फोटो किंवा मजकूर सुधारायला हवा. प्रॉम्प्टमध्ये त्या खुणा शब्दांनी लिहा. शैलीचा जोर वाढतो तेव्हा मजकुरातले शब्द विषयाला धरून ठेवायला मदत करतात. नुसतं `old woman` लिहिलंत तर यंत्राला कोणतीही म्हातारी चालते.

यानंतर मी जे करते ते बहुतेक जण करत नाहीत. दोन `--sref` आणि `--oref` एकदम लावून प्रमाण शोधत बसायचं नाही. आधी आजीला पूर्ण बाजूला ठेवून दोन शैलींचं मिश्रण एका वेगळ्या चित्रात जमवायचं. त्याला मी नमुना-चित्र म्हणते. नमुना-चित्रात एकही माणूस ठेवायचा नाही. मातीच्या घागरी, सूप, शेणाने सारवलेली भिंत, अंगण, असं काहीतरी. त्याचं कारण वर आलंच आहे. वारलीतली माणूस काढायची पद्धत या चित्रात शिरतच नाही. शिरते ती जमीन, रेघ आणि भरण. पुढे हे चित्र शैली म्हणून वापरलं की चेहऱ्याला बिनचेहऱ्याचा गोल करा असा आदेशच त्यात नसतो.

वस्तू निवडताना आजीच्या चित्रात चालतील अशाच निवडा, कारण शैलीच्या चित्रातल्या वस्तू अधूनमधून निकालात गळतात. घागर गळली तर शोभेल. शैली म्हणून तारपा नाचाचं चित्र दिलंत तर आजीच्या मागे नाचणाऱ्यांची रांग उभी राहिलेली दिसेल. म्हणून वारलीच्या मूळ चित्रातूनही माणसांची गर्दी नसलेला तुकडा कापून घ्या, एखादं झाड, कणगी, चौकाची नक्षी. आणि ते चित्र कोणा हयात कलाकाराचं असेल, त्यातून तुमचं चित्र विकायचं किंवा छापायचं असेल, तर त्यांना आधी विचारा. डहाणू-तलासरी भागातल्या अनेक घरांचा चरितार्थ याच कलेवर चालतो.

नमुना-चित्राचा प्रॉम्प्ट असा असतो:

```
clay water pots and a winnowing basket against a mud wall,
courtyard, morning light
--sref WARLI_URL::1 WATERCOLOR_URL::3
--sw 200 --s 50 --raw --v 7
```

हे सगळं एका ओळीत टाकायचं, इथे वाचायला सोपं जावं म्हणून तोडलं आहे. URL लिहिलं आहे तिथे तुमच्या त्या त्या चित्राचा दुवा द्यायचा. `::` नंतरचे आकडे म्हणजे दोन शैलींमधलं प्रमाण. ते एकमेकांच्या तुलनेतच मोजले जातात, त्यामुळे १ आणि ३ लिहा किंवा २ आणि ६ लिहा, फरक पडत नाही. दोन्ही मिळून एकूण जोर किती हे `--sw` ठरवतो, ० ते १०००, मुळात १००. लोकांचा गोंधळ इथे होतो. वारली कमी दिसते म्हणून ते `--sw` वाढवतात, मग दोन्ही शैली वाढतात आणि जलरंगही जास्त पसरतो. वारली कमी असेल तर प्रमाण बदला. दोन्ही फिक्या असतील तरच `--sw` वाढवा.

ठळक शैलीला १ आणि मऊ शैलीला ३ इथून मी सुरुवात करते, ती वर सांगितलेल्या कारणामुळे. जलरंगाच्या ओल्या कडा दिसतच नसतील तर १ आणि ४ करा, पांढरी रेघ नाहीशी झाली तर १ आणि २. या टप्प्यावर `--oref` नसल्यामुळे फेऱ्या स्वस्तात होतात.

इथे एक दोष हमखास येतो, सगळं चित्र मळकट तपकिरी होतं. तुमचं जलरंगाचं चित्र निळ्या-हिरव्या निसर्गदृश्याचं असेल आणि वारली गेरूची, तर दोन रंगसंगती एकमेकींना मारतात. आकडे हलवून हे सुटत नाही. जलरंगाचं चित्र फोटो सुधारायच्या कोणत्याही ॲपमध्ये उघडा आणि त्याचे रंग गेरू, पिवळी माती, काजळी राखाडी यांच्याकडे वळवा. रंगछटा सरकवणं आणि संपृक्तता थोडी उतरवणं एवढं पुरतं. मग तेच बदललेलं चित्र `--sref` ला द्या. दोन शैलींचं रंगावर एकमत झालं की भांडण फक्त रेघ आणि पोत यांच्यापुरतं उरतं, आणि ते प्रमाणाने मिटतं.

नमुना-चित्र निवडताना एक कसोटी लावा. एका घागरीच्या कडेकडे बघा. कड पांढऱ्या रेघेने बांधलेली असावी आणि आतला रंग ओल्या जलरंगासारखा कमी-जास्त झालेला असावा. दोन्ही एकाच वस्तूवर दिसलं पाहिजे. घागर जलरंगात आणि मागची भिंत वारलीत असं वाटून घेतलं असेल तर ते मिश्रण नाही, शेजार आहे. तसलं चित्र नमुना म्हणून घेतलंत तर पुढेही आजी एका शैलीत आणि भिंत दुसऱ्या शैलीत येईल.

आता आजी. नमुना-चित्र हाच एकमेव `--sref`, त्यामुळे प्रमाणाचा प्रश्न मिटला. हलवायचे आकडे दोनच उरले.

```
elderly Maharashtrian woman, broad forehead, large round kumkum,
saree pallu over her head, lopsided smile, turning a stone hand mill,
watercolor with white line work on red earth ground
--oref AAJI_URL --ow 200 --sref NAMUNA_URL --sw 100
--s 50 --raw --ar 4:5 --seed 1204 --v 7
```

चित्राची सुरुवात ठरवणारा `--seed` चा आकडा तोच ठेवा, म्हणजे मांडणी फार न बदलता आकड्याचा परिणाम दिसतो. एका वेळी एकच आकडा हलवा. आधी `--ow 200` कायम ठेवून `--sw` १००, १५०, २०० असा चढवत न्या आणि तीन खुणांपैकी पहिली खूण मोडते तिथे थांबा. समजा १५०ला तिन्ही शाबूत आहेत आणि २००ला ओठाचं हसू गेलं. मग १५०वर परत या. ही तुमच्या फोटोची आणि या नमुन्याची मर्यादा. दुसऱ्या फोटोला ती वेगळी निघेल, म्हणूनच कोणी छातीठोक एकच आकडा सांगितला तर त्यावर विसंबू नका.

१५०ला शैली अपुरी वाटत असेल तरच `--ow` ला हात लावा. २५० किंवा ३०० करा आणि `--sw 200` पुन्हा बघा. ४००च्या वर मी जात नाही, `--s` कमी असताना तिथे चित्र विचित्र व्हायला लागतं. `--ow` जास्त झाल्याची खूण ओळखायला सोपी आहे. चेहऱ्यावर खऱ्या कातडीची चकाकी आणि फोटोतला उजेड दिसतो, मान आणि लुगडं मात्र रंगवलेलं असतं, जणू चेहरा कापून चिकटवला. असं दिसलं की `--ow` उतरवा. उलट चित्र सुंदर आहे, पण बाई अनोळखी आहे, तर `--sw` जास्त झाला. आणि चेहऱ्यावर आडव्या-तिरक्या पांढऱ्या रेघा यायला लागल्या, तर नमुना-चित्रातच वारली जास्त आहे. मागे जाऊन १ आणि ४ च्या प्रमाणाचा नमुना घ्या, इथले आकडे हलवून वेळ जाईल.

तपासताना चित्र मोठं करून बघू नका. मोबाईलवर अंगठ्याएवढं करा. मोठ्या चित्रात डोळा रेघा आणि पोत यांत अडकतो, छोट्यात ओळखच दिसते. शक्य असेल तर घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला तुम्ही काय करता आहात ते माहीत नाही, आणि फक्त विचारा, हे कोण?

कधीकधी असं होतं की `--sw 150` ला चेहरा उत्तम आणि `--sw 250` ला लुगडं, जातं, भिंत अप्रतिम. तेव्हा एकाच निकालात सगळं पकडायचा हट्ट मी धरत नाही. दोन्ही एकाच `--seed` चे असले तर मांडणी बरीचशी जुळते. फोटोशॉप, क्रिता किंवा प्रोक्रिएटमध्ये २५०चं चित्र खाली, १५०चं वर ठेवा, वरच्या थराला मास्क लावा आणि मऊ ब्रशने फक्त चेहरा आणि हात उघडे करा. जोड पदराच्या कडेवर आणि बांगड्यांवर येऊ द्या, तिथे नैसर्गिक रेघ असतेच. मांडणी फारच सरकली असेल तर दोन आकड्यांमधलं अंतर कमी करा, १५० आणि २०० घ्या.

मिडजर्नीऐवजी स्टेबल डिफ्यूजन वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे शैलीचं काम आयपी-अडॅप्टर करतं आणि कम्फीयूआयमध्ये त्याच्या `weight_type` ला `style transfer` निवडता येतं. त्यात शैलीचं चित्र मॉडेलच्या मोजक्याच थरांवर परिणाम करतं, त्यामुळे वस्तू गळण्याचा त्रास कमी होतो, आणि विषयाचा आकार कंट्रोलनेट वेगळा धरून ठेवतं. हातात जास्त ताबा, पण मांडणी करायला वेळ जास्त. नमुना-चित्राची युक्ती तिथेही तशीच चालते.

एवढं करूनही काही गोष्टी येणार नाहीत. `--oref` साम्य देतं, हुबेहूब प्रत देत नाही. गोंदण, चेहऱ्यावरचा विशिष्ट तीळ, नथीतल्या मोत्यांची नेमकी रचना, बांगड्यांची संख्या हे बारकावे दर वेळी बदलतील आणि `--ow` वाढवून त्यांच्या मागे लागलात तर फोटोपण परत येईल. आजीच्या कपाळावर किंवा हातावर गोंदण असेल तर ते शेवटी वेगळ्या थरावर स्वतःच्या हाताने काढा, जलरंगाच्या ब्रशने, थोड्या हिरवट काळ्या रंगात आणि थराची अपारदर्शकता ७० टक्क्यांच्या आसपास ठेवून. खालचा कागदाचा पोत त्यातून दिसला की ते वेगळं चिकटवलेलं वाटत नाही.